आईसाठी पहिला गेम निवडताना

गेल्या हिवाळ्यात आई महिनाभर ठाण्याला आमच्याकडे होती. रात्री मी खेळत बसले की ती शेजारी स्वेटर विणत पडद्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "अगं, मलाही शिकव की." वय ६१, बँकेतून निवृत्त, आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही.

मी उत्साहाने फायरवॉच लावला. मारामारी नाही, शत्रू नाही. १९८९ सालचा उन्हाळा, अमेरिकेतलं वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा एक माणूस आणि वॉकी-टॉकीवरच्या गप्पा. नवख्याला याहून सोपं काय असणार? पाच मिनिटांत आई आकाशाकडे बघत झुडपात अडकली होती.

चूक माझी होती. मी गोष्ट बघून गेम निवडला, हात बघून नाही. अशा गेममध्ये कंट्रोलरवरच्या डाव्या स्टिकने चालायचं आणि उजव्या स्टिकने मान वळवायची. आपण ते एकदमच करतो, इतकं की दोन वेगळी कामं आहेत हेच विसरून गेलेलो असतो. आई थांबायची, मान वळवायची, मग चालायची. चालायला लागली की मान जिथे राहिली असेल तिथेच, बहुतेक वेळा जमिनीकडे. पडद्यावर X दिसला की ती खाली हातातल्या कंट्रोलरकडे बघून X शोधायची. तेही सरळ नाही: माझ्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर X डावीकडे असतो, नवऱ्याच्या निन्टेन्डो स्विचवर वरच्या बाजूला.

त्यात संवाद. उत्तराचे दोन-तीन पर्याय येतात आणि निवडायला मोजका वेळ मिळतो. तो संपला की गप्प राहणं हेच तुमचं उत्तर. आई पहिलंच वाक्य वाचत असायची. "मी अजून वाचत होते, तोवर ती बाई पुढे बोलायलाही लागली!" म्हणजे बटणांइतकाच घड्याळाचाही त्रास.

दुसऱ्या दिवशी स्टार्ड्यू व्हॅली. वरून दिसणारं शेत, मान वळवायची भानगडच नाही, एका स्टिकवर भागतं. आई कोकणातली, वाटलं रमेल. रमलीही, पण कोपऱ्यातल्या घड्याळाने घात केला. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला माणूस असेल तिथे कोसळतो. आपल्या घड्याळात ही साधारण १४ मिनिटं. सरावलेल्याला हा वेळ पुरतो. आईला झारी कुठल्या खणात ठेवली ते आठवेपर्यंत संध्याकाळ झालेली. दोनदा ती शेतातच कोसळली आणि तिला खरोखरच अपराधी वाटलं. मेन्यू उघडला की घड्याळ थांबतं, हे मी सांगितलं. पण मेन्यू उघडायचं बटण कोणतं, हाच तर प्रश्न होता.

मग मला उशिरा सुचलं: आईने बँकेत पंचवीस वर्षं माउस वापरलाय. तिच्या हाताला येणारं यंत्र ते आहे, कंट्रोलर नव्हे. अनपॅकिंग उतरवून घेतला. घर बदललेल्या एका मुलीची खोकी उघडून सामान लावायचं, १९९७ सालच्या तिच्या लहानपणच्या खोलीपासून सुरुवात. क्लिक करून वस्तू उचलायची, क्लिक करून ठेवायची, उजव्या क्लिकने फिरवायची. घड्याळ नाही, हरणं नाही. सगळी खोकी रिकामी झाली की चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूंभोवती लाल रेघ येते, बस्स.

पुढच्या तासाभरात आईने माझ्याकडे एकदाही मदत मागितली नाही. उलट गेमशीच भांडली. भांडी तिला तिच्या पद्धतीने लावायची होती, आणि लाल रेघ येताच, "हा कोण मला सांगणारा?" (सेटिंगमध्ये वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय आहे, मी तो सुचवला, तर नको म्हणाली, भांडायचंच होतं.) २०१० सालच्या घरात मुलगी मित्राकडे राहायला जाते आणि तिच्या पदवीच्या फ्रेमला भिंतीवर जागाच मिळत नाही. आईने ती चार ठिकाणी लावून पाहिली. शेवटी पलंगाखाली सरकवली, लाल रेघ गेली, आणि माउसवरचा हात काढून ती म्हणाली, "हा मुलगा बरा नाही गं."

कंट्रोलर मी त्यानंतरच पुन्हा हातात दिला, अ शॉर्ट हाइकसाठी. हा त्रिमितीय असला तरी कॅमेरा स्वतःच फिरतो, त्यामुळे चालायची स्टिक आणि उडी एवढंच सांभाळायचं. उंचावरून पडलं तरी काही होत नाही. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून एक पक्षीण डोंगर चढते, हे कारण आईला ताबडतोब पटलं. कडे चढायला सोनेरी पिसं गोळा करावी लागतात.

परत जाताना तिच्याकडे तीन पिसं झाली होती. काल फोन आला, "माझं पाखरू तिथेच आहे ना? तू पुढे नेऊ नकोस हं."