भावाचा लांबलचक मेसेज आणि दोन फोनचा एक तक्ता: माझा अनुभव

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. ताईला नवा फोन घ्यायचा होता, बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार, आणि गाडी दोन फोनवर येऊन थांबलेली, गूगलचा पिक्सेल ७ए आणि सॅमसंगचा गॅलेक्सी ए५४. आमच्या मामेभावाला मोबाईलमधलं चांगलं कळतं, त्याने ताईला व्हॉट्सॲपवर एका दमात सगळं लिहून पाठवलं आणि ताईने ते मला फॉरवर्ड करून खाली लिहिलं, "अरे हे वाचून मला काहीच ठरवता येत नाहीये, जरा समोरासमोर मांडून दे ना."

मेसेज साधारण असा होता:

"सॅमसंगचा स्क्रीन मोठा आहे ६.४ आणि १२० हर्ट्झ, पिक्सेल ६.१ चा त्यामुळे हातात छान बसतो, कॅमेरा पिक्सेलचा भारी आहे ६४ चा, त्याचा ५० चा पण फ्रंट ३२ आहे, बॅटरी ५००० म्हणजे दिवस आरामात निघतो, याला वायरलेस चार्जिंग आहे, अपडेट त्याला ४ वर्ष मिळतील, पाण्याचं दोघांना आहे, कार्ड टाकता येतं, किंमत त्याची ४१ आणि पिक्सेल ४४."

माहिती चांगली आहे हो, आकडे पण बरोबर आहेत. पण लगेच तक्ता काढून भरायला बसायचं नाही, आधी मेसेज फोडायचा. मी काय केलं तर तो गूगल डॉक्समध्ये पेस्ट केला आणि जिथे जिथे नवा मुद्दा सुरू होतो तिथे एंटर मारत गेलो. एका ओळीत एकच गोष्ट. मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न: कोणता फोन, कशाबद्दल, किती. ज्या ओळीला तिन्हींची उत्तरं मिळाली ती तक्त्यात जायला तयार, बाकीच्या बाजूला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो "याला" आणि "त्याला" यात. बोलताना हे चालून जातं कारण समोरचा हातातला फोन दाखवत असतो, लिहिलेल्यात मात्र "त्याचा" म्हणजे नक्की कुणाचा हे आधीच्या वाक्यावरून ओळखायचं. "बॅटरी ५०००" यात तर फोनचं नावच नाही. आणि त्याच्या लगेच पुढे "याला वायरलेस चार्जिंग". सरळ वाचत गेलं तर दोन्ही गोष्टी एकाच फोनच्या वाटतात, पण ५००० एमएएच बॅटरी सॅमसंगची आहे आणि वायरलेस चार्जिंग पिक्सेलला आहे, सॅमसंगला नाहीच. म्हणून तक्त्याला हात लावण्याआधी प्रत्येक सर्वनाम काढून तिथे फोनचं नाव टाकायचं, आणि नाव टाकताना जिथे क्षणभर जरी अडखळलं तिथे कंपनीच्या साईटवरचं स्पेसिफिकेशनचं पान उघडून बघायचं.

मग शीट्समध्ये तीन कॉलम, पहिला मुद्द्याचा आणि पुढचे दोन फोनचे. फोन उभ्या कॉलममध्ये आणि मुद्दे आडव्या ओळीत, कारण फोन दोनच आणि मुद्दे दहा-बारा, उलटं केलं तर तक्ता आडवा पसरतो आणि मोबाईलवर वाचताच येत नाही. युनिट पहिल्या कॉलममध्येच लिहायचं, इंच, एमएएच, मिलीमीटर, म्हणजे पुढे फक्त आकडा राहतो आणि नजर सरळ डावीकडून उजवीकडे जाते.

भरायला लागल्यावर किती खाने रिकामे आहेत ते दिसलं. मेसेजमध्ये पिक्सेलची बॅटरी नाही, त्याचा रिफ्रेश रेट नाही, फ्रंट कॅमेरा नाही, कार्ड कुणात टाकता येतं ते नाही. परिच्छेदात हे जाणवत नाही कारण वाक्य पुढे पळत असतं. इथे एक नियम मी कडक पाळतो, रिकाम्या खान्यात "नाही" लिहायचं नाही. "नाही" म्हणजे ती सोय त्या फोनमध्ये नाही हे तपासलंय, आणि "?" म्हणजे अजून बघायचंय. या दोन्हीची सरमिसळ झाली की वाचणारा एक फोन उगाच कमी लेखतो.

"हातात छान बसतो" याचं काय करायचं? हे मत आहे, पण त्यामागे मोजता येणारी गोष्ट आहे ती म्हणजे रुंदी. पिक्सेल ७२.९ मिमी, सॅमसंग ७६.७. ती ओळ घातली. "कॅमेरा भारी" याचं मात्र तसं होत नाही. ६४ आणि ५० शेजारी लिहिले की ६४ वाला जिंकला असं वाटतं, पण फोटो कसा येतो ते नुसत्या मेगापिक्सेलवर ठरत नाही. म्हणून आकडे एका ओळीत आणि भावाचं मत सगळ्यात खाली वेगळ्या ओळीत, त्याचं म्हणून. अपडेटचं पण तसंच, "४ वर्ष" यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, अँड्रॉइडची नवी व्हर्जन आणि सिक्युरिटी अपडेट, त्यांच्या दोन ओळी केल्या.

आणि किंमत! ४१ आणि ४४ शेजारी ठेवताना लक्षात आलं की सॅमसंगची ४०,९९९ ही २५६ जीबीची आहे आणि पिक्सेलची ४३,९९९ ही १२८ ची, पिक्सेल ७ए मुळात १२८ मध्येच येतो. १२८ चा ए५४ होता ३८,९९९ ला. त्यामुळे स्टोरेज किंमतीच्या बरोबर वर घेतलं, नाहीतर ती तुलना अर्धवटच राहते.

शेवटी असं झालं:

| मुद्दा | पिक्सेल ७ए | गॅलेक्सी ए५४ |
|---|---|---|
| स्टोरेज (जीबी) | १२८ | १२८ / २५६ |
| किंमत (₹) | ४३,९९९ | ३८,९९९ / ४०,९९९ |
| मेमरी कार्ड | नाही | हो, दुसऱ्या सिमच्या जागी |
| स्क्रीन (इंच) | ६.१ | ६.४ |
| रिफ्रेश रेट (हर्ट्झ) | ९० | १२० |
| रुंदी (मिमी) | ७२.९ | ७६.७ |
| बॅटरी (एमएएच) | ४३८५ | ५००० |
| वायरलेस चार्जिंग | हो | नाही |
| मेन / फ्रंट कॅमेरा (मेगापिक्सेल) | ६४ / १३ | ५० / ३२ |
| नवी अँड्रॉइड व्हर्जन | ३ | ४ |
| सिक्युरिटी अपडेट (वर्षं) | ५ | ५ |
| भावाचं मत | कॅमेरा भारी | दिवसभर चालतो |

"पाण्याचं दोघांना" म्हणजे आयपी६७, दोन्हीकडे सारखंच, म्हणून ती ओळ काढून तक्त्याखाली एका वाक्यात लिहिली. जे सारखं आहे त्यावरून निवड होणार नाही मग जागा कशाला अडवायची. सिक्युरिटीची ओळ तेवढी ठेवली, कारण वरच्या ओळीत ३ आणि ४ बघून ताईला वाटलं असतं की पिक्सेलची सुरक्षा पण आधी संपते.

पाठवायचं कसं हा शेवटचा प्रश्न. व्हॉट्सॲपवर शीटमधून कॉपी पेस्ट केलं की कॉलम मोडतात. मोनोस्पेस करून पण मराठीत जमत नाही, काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे प्रत्येक शब्दाची रुंदी वेगळी येते आणि रेघा सरकतात. सरळ स्क्रीनशॉट काढायचा, आधी कॉलम अरुंद करून आणि अक्षर मोठं करून, म्हणजे झूम न करता वाचता येतं.

ताईचा रिप्लाय आला तो कार्डच्या ओळीवर. ती दोन सिम वापरते, एक घरचं एक कामाचं, त्यामुळे कार्ड टाकायचं म्हटलं तर एक सिम काढावं लागणार. मग तिने स्टोरेजची ओळ बघितली आणि दोन हजार जास्त देऊन २५६ वाला ए५४ घेतला.