आईचा फोन, भरलेली स्टोरेज आणि ते कॅशे

आईचा फोन ६४ जीबीचा. परळहून दादरला भाजी आणायला निघाली आणि लोकलमध्ये बसल्याबसल्या तिने मला फोन केला, ‘अगं, फोटो काढायला गेले तर जागा नाही म्हणतोय.’ घरी आल्यावर सेटिंग्ज उघडून पाहिलं, जेमतेम ५०० एमबी उरले होते. अॅप्सच्या यादीत रील्स बघायचं अॅप सगळ्यात वर, आणि त्याच्या आतल्या Storage & cache मध्ये कॅशेपुढे १.८ जीबी. मला वाटलं, चोर सापडला.

Clear cache दाबलं आणि आकडा शून्यावर आला. मग ब्राउझर, बातम्यांचं अॅप, खरेदीचं अॅप, प्रत्येकात शिरून तेच केलं. जुन्या अँड्रॉइडमध्ये सगळ्या अॅप्सचं कॅशे एका फटक्यात उडवता यायचं, आता एकेक अॅप उघडावं लागतं. एकूण तीन जीबीच्या आसपास मोकळे झाले आणि मी फुशारले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप. बघितलं तर रील्सच्या अॅपचं कॅशे परत १.१ जीबी.

आईला हे समजवायला मी आमच्या स्वयंपाकघराचाच आधार घेतला. ओट्यावरचा मसाल्याचा डबा असतो ना, त्यात हळद-तिखट-मोहरी थोडी थोडी काढून ठेवलेली असते. मोठ्या बरण्या फडताळात. कॅशे म्हणजे तो ओट्यावरचा डबा. अॅपने इंटरनेटवरून एकदा आणलेली चित्रं, व्हिडिओचे तुकडे, छोटे फोटो हाताशी ठेवलेले असतात, म्हणजे पुन्हा आणायला नकोत. डबा रिकामा केलास तर मसाला संपत नाही, पण पुढच्या फोडणीला बरण्या काढाव्या लागतात. म्हणूनच साफ केल्यावर पहिल्यांदा अॅप हळू उघडतं, डेटाही जास्त जातो. आणि रोज दोन तास रील्स बघणार असशील तर डबा भरणारच. ‘मग तू रिकामा कशाला केलास?’ आई म्हणाली. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. फोनमध्ये जागा खरोखरच कमी पडू लागली की अँड्रॉइड स्वतःच कॅशेतल्या फायली काढून टाकतो. त्या तिथे ठेवल्याच जातात या बोलीवर की कधीही पुसल्या जातील. त्यामुळे ‘कॅशे भरलं म्हणून फोन भरला’ हा हिशेब अर्धवटच. फोन भरतो तो मुख्यतः पुसल्या न जाणाऱ्या गोष्टींनी.

हे शहाणपण येण्याआधी मी एक घोळ घातला. अभंगांच्या अॅपचा आकडा मोठा होता, आणि त्याच पडद्यावर Clear cache च्या शेजारी Clear storage हे बटण असतं. काही फोनवर त्याला Clear data म्हणतात. घाईत तेच दाबलं, फोनने विचारलं, खात्री आहे का, तर तेही न वाचता हो म्हटलं. ते बटण म्हणजे फडताळासकट सगळं रिकामं. आईचं लॉगिन गेलं आणि तिने ऑफलाइन ऐकायला उतरवून ठेवलेले साठेक अभंग गेले, कारण उतरवलेली गाणी त्या अॅपच्या डेटात होती, कॅशेत नव्हे. लॉगिन ओटीपीने परत आलं. अभंग मात्र संध्याकाळभर वायफायवर बसून पुन्हा उतरवले, तोवर आई माझ्याशी बोलत नव्हती. नशीब, हे यूपीआयच्या अॅपवर नाही केलं. पैसे कुठे गेले नसते, पण सिमवरून नंबरची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती.

खरा चोर व्हॉट्सअॅपमध्ये होता. त्याचं कॅशे जेमतेम काही एमबी, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ कॅशेत मोजलेच जात नाहीत, त्यामुळे Clear cache त्यांना हात लावत नाही. व्हॉट्सअॅपच्या आतल्या सेटिंग्जमध्ये Storage and data, तिथे Manage storage. पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून दाखवल्या होत्या. सुप्रभाताचे व्हिडिओ, एकच आरती चार ग्रुपवरून चार वेळा. आईसोबत बसून, नातवाचे फोटो वगळत, नऊ जीबी काढले. ती जागा तीन दिवसांत परत भरली नाही.

कॅशे आता मी तेव्हाच साफ करते जेव्हा एखादं अॅप बिघडल्यासारखं वागतं. गेल्या महिन्यात बातम्यांचं अॅप अपडेट झाल्यावर पांढरा पडदा दाखवून थांबायचं. आधी फोन बंद-चालू केला, फरक नाही. मग त्याचं कॅशे पुसलं आणि ते सरळ उघडलं, बहुधा आधीचे तुकडे नव्या आवृत्तीशी जुळत नव्हते. आईने हे पाहिलं आणि विचारलं, ‘अभंग आहेत ना माझे?’ आधी तेच तपासून दाखवलं.