'उघडच आहे' या दोन शब्दांनी खाल्लेला शनिवार-रविवार

मुलीची बारावीची चाचणी सोमवारी होती आणि शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर तिने क्लासच्या झेरॉक्स नोट्समधलं एक पान माझ्यापुढे ठेवलं. "बाबा, एवढं एकच सांगा." मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, उभा जन्म पॅनेल आणि मोटारींत गेलेला. वाटलं, पंधरा मिनिटांचं काम.

पानावर होता वर्तुळाकार कक्षेत फिरणारा इलेक्ट्रॉन, त्याचं चुंबकीय आघूर्ण म्हणजे तो किती जोराचा चुंबक बनतो त्याचं माप, त्याचा कोनीय संवेग म्हणजे त्याच्या फिरण्याचं माप, आणि शेवटची ओळ: 'दोहोंचं गुणोत्तर e/2m, ते कक्षेवर अवलंबून नाही हे उघडच आहे.' त्या 'उघडच आहे'वर माझा अजून राग आहे. ज्याला उघड आहे तो क्लास कशाला लावेल?

सुरुवात सोपी गेली. कक्षेच्या एका बिंदूवर नजर ठेवली, तर दर फेरीला तिथून e एवढा विद्युतभार जातो. फेरीला T वेळ लागत असेल, तर विद्युतधारा e/T. हायड्रोजनच्या बोरने मांडलेल्या पहिल्या कक्षेचे आकडे घातले: त्रिज्या 0.53 अँगस्ट्रॉम, वेग सेकंदाला सुमारे 22 लाख मीटर. एका सेकंदात साडेसहा हजार दशलक्ष दशलक्ष फेऱ्या होतात आणि धारा निघते 1.05 मिलीअँपिअर. मी दोनदा गुणाकार केला. घरातला गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी 30 मिलीअँपिअरला पडतो, आणि इथे एका अणूत एकटा इलेक्ट्रॉन एक मिलीअँपिअर काढतोय! आमच्या मेंटेनन्सच्या पोरांना हे सांगायलाच हवं, असं मनात येऊन गेलं. धारेला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणलं की आघूर्ण: 9.27 × 10⁻²⁴ अँपिअर-चौरस मीटर. यालाच बोर मॅग्नेटॉन म्हणतात.

पुढे गाडी अडली, आणि आधी अडली ती अक्षरापायी. नोट्समध्ये आघूर्णालाही m आणि वस्तुमानालाही m. वेग v आणि त्रिज्या r धरून पोरीने वर m = evr/2 लिहिलं, खाली कोनीय संवेग mvr लिहिला, आणि भागाकारात वरचा m खालच्या m शी खुशाल छाटून टाकला. उरलं 1/vr. म्हणजे मोठ्या कक्षेत गुणोत्तर वेगळं, लहान कक्षेत वेगळं. ती म्हणाली, "हे तर कक्षेवर अवलंबून आहे, नोट्स चुकल्यात." क्षणभर मलाही तसंच वाटलं. एककं बघितली तेव्हा चूक पकडली: आघूर्ण भागिले संवेग केलं की कूलोम प्रति किलोग्रॅम उरायला हवं, 1/vr मध्ये कूलोमचा पत्ताच नाही. तेव्हापासून घरात आघूर्णाला μ आणि फक्त μ. हे पहिल्या ओळीलाच करा, शेवटी करू म्हणाल तर शनिवारची दुपार जाईल, आमची गेली.

पण खरा घोळ त्यानंतरचा. भागाकार आता बरोबर आला: evr/2 भागिले mvr, म्हणजे e/2m. v गेला, r गेला, छान. मुलगी मात्र तेवढ्यावर थांबायला तयार नव्हती. "बाबा, छाटलं गेलं ते कळलं. पण का जातं? आणि हा 2 कुठून आला?" मी म्हटलं, गणितातून आला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी साइटवर ठेकेदारांकडे टाकतो.

शनिवारी रात्रभर मी दोन्ही सूत्रं वेगवेगळी बघत होतो आणि तिथेच चुकत होतो. रविवारी सकाळी तिचं अकरावीचं पुस्तक चाळताना केप्लर सापडला: ग्रह समान काळात समान क्षेत्रफळ व्यापतो. मग डोक्यात बसलं. इलेक्ट्रॉन एका फेरीत πr² व्यापतो, त्याला 2πr/v एवढा वेळ लागतो, म्हणजे दर सेकंदाला व्यापलेलं क्षेत्रफळ vr/2. आता दोन्ही राशी याच भाषेत बघा. चुंबकीय आघूर्ण म्हणजे विद्युतभार गुणिले हे सेकंदाचं क्षेत्रफळ. कोनीय संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले त्याच क्षेत्रफळाची दुप्पट. दोन्ही एकाच गोष्टीची मापं, एकाला भार जोडलेला, दुसऱ्याला वस्तुमान आणि वर 2. कक्षा मोठी करा, वेग कमी करा, दोन्हींतलं ते क्षेत्रफळ बरोबरीने बदलतं, म्हणून भागाकारात उरतच नाही. कक्षा लंबवर्तुळ असली तरी हेच लागू, कारण तिथेही क्षेत्रफळाचा दर स्थिर राहतो.

तिला पटलं, पण म्हणाली आकडे घालून दाखवा, आणि बोरची कक्षा नको, तिच्यासाठी सगळं आधीच जुळवलेलं असतं. (बरोबर बोलली.) मग आम्ही मनाने घेतले: त्रिज्या 1 अँगस्ट्रॉम, वेग सेकंदाला 10 लाख मीटर. फेरीला 6.28 × 10⁻¹⁶ सेकंद, धारा सुमारे पाव मिलीअँपिअर, आघूर्ण 8.01 × 10⁻²⁴. संवेग 9.11 × 10⁻³⁵. भागाकार 8.79 × 10¹⁰ कूलोम प्रति किलोग्रॅम. मग बोरची कक्षा: 9.27 × 10⁻²⁴ भागिले 1.055 × 10⁻³⁴, पुन्हा तेच 8.79 × 10¹⁰. तिने स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. मला इंक्रिमेंट मिळाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक, आधी सांगायचं राहिलं: ऋण चिन्ह. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणून धारेची दिशा त्याच्या फिरण्याच्या उलट. तो घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर उजव्या हाताच्या नियमाने संवेग आपल्याकडे येतो आणि आघूर्ण कागदाच्या आत जातं. सदिश रूपात लिहाल तर μ = −(e/2m)L. हे चिन्ह विसरून तिने नंतर चाचणीत एक गुण घालवला, दोष माझाच.

रविवारी संध्याकाळी मी उगाच पुढे वाचत बसलो आणि एक गंमत हाती लागली. 1915 साली आइन्स्टाइन आणि डी हास यांनी बर्लिनमध्ये लोखंडाचा दंड दोऱ्याला टांगला, भोवतालच्या गुंडाळीतून त्याचं चुंबकत्व उलटसुलट केलं आणि दंडाला बसणारा पीळ मोजून हेच गुणोत्तर काढायचा प्रयत्न केला. त्यांनी जाहीर केलेलं उत्तर फिरत्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबाशी जुळत होतं. पुढच्या काही वर्षांत इतरांनी तोच प्रयोग काळजीपूर्वक केला तेव्हा गुणोत्तर जवळजवळ दुप्पट आलं, e/m. आमचा 2 गायब! लोखंडाचं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या कक्षेतून येत नाही, ते स्पिनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्याच कोनीय संवेगातून येतं, आणि स्पिनला क्षेत्रफळाचा हा हिशेब लागू नाही. e/2m खरं आहे ते कक्षेतल्या गतीपुरतं. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत तर पुंजभौतिकीनुसार कक्षीय संवेग शून्यच असतो, त्यामुळे आमचा तो एक मिलीअँपिअर बोरच्या चित्रापुरताच राहतो.

हे सगळं मी उत्साहाने मुलीला सांगायला गेलो. "सोमवारी विचारणार आहेत का?" नाही म्हटल्यावर तिने दिवा मालवला.