माटोळीचं लाईव्ह आणि १८ पानांची स्क्रिप्ट

आधीच सांगते, मला अजून राग आहे, त्यामुळे हे थोडं तिरकस वाटलं तर वाटू दे.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी काका माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला रानातली फळं-फुलं बांधतात. गेल्या वर्षी त्याचं तासाभराचं लाईव्ह करायचं ठरवलं, कारण बाहेरगावचे नातेवाईक दरवर्षी फोटो मागत बसतात. कॅमेरा, नेट, माईक, सगळं धाकट्या भावाने एका संध्याकाळी लावलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकलं ते स्क्रिप्टवर. एका पतसंस्थेने थोडे पैसे द्यायचं कबूल केलं होतं आणि त्यांच्या ऑफिसातून मेसेज आला, "मॅडम, पूर्ण स्क्रिप्ट पाठवा, अप्रूव्ह झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

आता पूर्ण म्हणजे किती? मी घड्याळ लावून बोलून बघितलं, माझे मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे तासाला ७२००, टाईप केलेली १८ पानं. लिहिली बाई, तीन रात्री जागून. आणि मोठ्याने वाचल्यावर कळलं की मी लिहिताना "आता आपण पाहणार आहोत" असलं आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं मराठी लिहिते, जे घरात कोणी जन्मात बोलत नाही. काकांना त्यांच्या वाट्याची वाक्यं दाखवली तर म्हणाले, "बाये, माटोळी कितें पाठ करून बांदतात?"

स्क्रिप्ट परत आली. "हार्दिक शुभेच्छा" दोनदा हवं. बदलून पाठवली. परत आली, चेअरमनसाहेबांचं नाव संचालक मंडळाच्या आधी हवं. बदललं. तिसऱ्यांदा परत आली आणि यावेळी प्रश्न होता की प्रेक्षकांच्या कमेंटना मी जी उत्तरं देणार ती स्क्रिप्टमध्ये कुठे आहेत! अहो, कमेंट आलीच नाही अजून, उत्तर कुठून लिहू? फोन केला तर साहेब जेवायला, दुसऱ्या दिवशी मिटिंगला, तिसऱ्या दिवशी सुट्टीवर. माटोळीच्या बाजारात कांगलां आणि घागऱ्यो ही रानफळं यायला लागली तरी आमचं अप्रूव्हल नाही.

त्या वैतागात मी १८ पानं घेऊन भावासमोर एक चाचणी घेतली, फक्त घरच्या चारपाच जणांना लिंक देऊन. पहिल्या दहा मिनिटांतच आपटले. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात, हे एक. फोनवर टेलिप्रॉम्प्टर लावला तर तो त्याच्याच वेगाने पळतो आणि मध्ये कोणी काही विचारलं की भावाला धावत येऊन थांबवावा लागतो. पण खरी गोम वेगळीच होती. मी बोललेलं समोरच्याला दहा-वीस सेकंद उशिरा पोचतं, त्याची कमेंट त्यानंतर येते, तोवर मी दोन परिच्छेद पुढे. मावशीने विचारलं, "ती लाल फळं कसली?" मी उत्तर दिलं, कवंडळ म्हणून, आणि मग मी कुठे वाचत होते ते सापडेना. पानावर बोट फिरवत अर्धं मिनिट गप्प बसले.

म्हणून दुसऱ्या दिवशी उलट टोक गाठलं. एका कागदावर नऊ मुद्दे, बास. मजा आली खरं तर, काका पण खुलले. पण नारळ आणि सुपारीचं शिपटं एवढ्यावरच आम्ही १४ मिनिटं बोललो, शेवटचे चार मुद्दे राहिले, पतसंस्थेचं नाव मी अर्धंच घेतलं आणि "कवंडळ खायचं नसतं" हे सांगायचं विसरले, जे लहान मुलं बघत असताना विसरून चालणारच नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अख्ख्या कार्यक्रमासाठी एकच पद्धत निवडायची गरजच नाही, प्रत्येक गोष्टीला वेगळं विचारायचं: हे चुकलं तर मागे घेता येईल का? नसेल तर शब्दशः लिहायचं. पहिलं दीड मिनिट, लोकांची नावं आणि त्यांचा क्रम, पैसे देणाऱ्याचं वाक्य, "खाऊ नका" हे वाक्य आणि निरोप, एवढंच लिहिलं, मिळून एक पान. दुसऱ्या पानावर मुद्दे, पण नुसते शब्द नाहीत. प्रत्येक मुद्द्याला सुरुवातीचे दोन-तीन शब्द, शेजारी किती वाजता सोडायचा ती वेळ, आणि खाली बाहेर पडायचं एक वाक्य पूर्ण लिहिलेलं. उदाहरणार्थ घागऱ्यांखाली लिहिलं होतं, "काका, हे बांधायला सुंभ कुठला घेता?" म्हणजे गप्पा कुठेही भरकटल्या तरी हे वाक्य टाकलं की आपण पुढच्या मुद्द्यात. मुद्दा सुरू करणं सोपं असतं, बाहेर पडताना आपण फसतो.

हां, आणि एक विसरले, पैसे घेतले असतील तर लाईव्हमध्ये तसं पूर्ण वेळ स्क्रीनवर दिसायला हवं, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. ती पट्टी भावाने कोपऱ्यात लावली, त्यामुळे ते मला तोंडी आठवत बसावं लागलं नाही.

मग ती दोन पानं घेऊन मी सरळ ऑफिसात गेले. साहेब सुट्टीवरून आले होते, निघाले पेडण्याचे, म्हणजे दशावताराच्या मुलखातले. मी म्हटलं, साहेब, दशावतारात काय करतात? आख्यान ठरलेलं, सुरुवातीचा गणपती आणि संकासुर ठरलेला, पुढचे संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे. तुमच्या संस्थेबद्दल मी काय बोलणार ते या पानावर शब्दशः आहे, त्यात एक अक्षर बदलणार नाही, बाकी आमचं आख्यान. त्यांनी फक्त तेवढंच पान वाचलं. चार मिनिटांत सही. म्हणजे त्यांना हवी होती ती चार वाक्यं, आणि मी तीन रात्री जागले! तेव्हा कोणी पूर्ण स्क्रिप्ट मागितली तर आधी विचारा, नक्की कुठली वाक्यं बघायचीत आणि काय बोललेलं चालणार नाही.

प्रत्यक्ष लाईव्हला ४० व्या मिनिटाला पाऊस आला आणि वीज गेली. फोनच्या डेटावर चालू ठेवलं, आणि अंधारात काय बोलायचं म्हणून कागदाच्या तळाशी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, त्यातली आजीची शिडीवरून पडायची गोष्ट कामी आली. प्रश्न विचारला की उत्तरं येईपर्यंत गप्प बसायचं नाही हेही कागदावर बाणाने दाखवलं होतं: विचार, पुढचा छोटा मुद्दा घे, मग कमेंटकडे परत ये. कागद लेन्सच्या अगदी खाली चिकटवला होता, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहिलेला, कारण पान उलटलं की माईकमध्ये फडफड ऐकू येते. भाऊ कमेंट गाळून मला एका वेळी एकच दाखवत होता. शेवटचे दोन मुद्दे तरी राहिलेच, पण कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन चवथीला, साहेबांचा मेसेज. "मॅडम, छान झालं. पुढच्या वर्षी पण हीच दोन पानं पाठवा, फक्त विषयात 'पूर्ण स्क्रिप्ट' लिहा, वरती तसंच लागतं."