सहा बोटांची मावशी आणि माझे वाया गेलेले नऊ दिवस

आमच्या गावातल्या बचत गटाला तूरडाळीच्या पाकिटासाठी लेबल हवं होतं. गाव दारव्ह्याच्या बाजूचं. गटाच्या अध्यक्ष मावशींची एकच अट होती, लेबलवर बाई डाळ पाखडताना दिसली पाहिजे. फोटो काढायचा तर बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नाहीत. म्हणून मी म्हटलं, कम्प्युटरवर बनवून देतो, त्यात काय एवढं.

शब्दांवरून चित्र काढणारं स्टेबल डिफ्यूजन बसवणं, त्याचं मॉडेल उतरवणं वगैरे झालं, त्याचं फार सांगत नाही. फक्त माझ्यासारखं जीटीएक्स १६५० कार्ड असेल आणि चित्राऐवजी कोरा काळा चौकोन येत असेल, तर घाबरू नका. सुरू करायच्या फाइलमध्ये `--precision full --no-half` घाला. या कार्डांना अर्ध्या अचूकतेची आकडेमोड झेपत नाही. कार्डाची मेमरी चारच जीबी असेल तर सोबत `--medvram` सुद्धा लागतं.

पहिलं चित्र घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "बाबू, हिले त सहा बोटं हायेत. आन् हे खाली कोनाची सही हाये?"

सही कोणाचीच नव्हती. कोपऱ्यात पुसट, अर्धवट अक्षरांसारखा वॉटरमार्क होता, वर लेबलसारखी पट्टी होती आणि पट्टीवर कुठल्याच लिपीत नसलेला मजकूर होता. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं ती इंटरनेटवरून गोळा केलेली. त्यांतल्या पुष्कळ चित्रांवर विक्रेत्यांचे शिक्के, चित्रकारांच्या सह्या होत्या. मॉडेलच्या लेखी शिक्का हाही चित्राचाच भाग. माणसं डाळ पाखडतात आणि चित्राच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलेलं असतं, एवढंच त्याला माहीत.

यावर उपाय म्हणजे निगेटिव्ह प्रॉम्प्ट. वरच्या खोक्यात काय हवं ते लिहायचं, खालच्या खोक्यात काय नको ते. मी लिहिलं:

```
watermark, signature, text, blurry, extra fingers
```

काहीच फरक पडला नाही. मग यादी वाढवली. `bad hands`, `mutated fingers`, `ugly`, `worst quality`, लोकांनी जिथे जे टाकलं होतं ते सगळं उचललं. एकाने चिडून लिहावं तसं मी `no text` सुद्धा लिहिलं. (हे तर उलटच. ते खोकंच नकाराचं आहे, तिथे नुसतं `text` लिहायचं. शिवाय या मॉडेलचा शब्द समजणारा भाग 'नको' हा अर्थ फारसा पकडत नाही.) कंसात आकडा देऊन जोर वाढवता येतो असं वाचलं, म्हणून `(watermark:1.8)` केलं. तरी वॉटरमार्क जागच्या जागी. आठ दिवस रात्री लाइट टिकेल तेवढा वेळ हेच. यादी दोनशे शब्दांवर गेली. गटाच्या बायका रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "झालं का भाऊ लेबल?" आणि मी दुसऱ्या गल्लीने जायला लागलो.

नवव्या रात्री वैतागून मी तोच प्रयोग केला, जो पहिल्याच रात्री करायला हवा होता. सीड एक आकडा देऊन पक्का केला. आधी `-1` होता, म्हणजे दर वेळी नवं चित्र. एकदा दोनशे शब्दांची यादी ठेवून चित्र काढलं, एकदा खालचं खोकं साफ रिकामं ठेवून. दोन्ही चित्रं शेजारी लावली. तीच बाई, तीच सहा बोटं, सावलीसुद्धा तीच. डोळे फाडून पाहिलं तरी फरक नाही. म्हणजे यादी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता, ती वाचलीच जात नव्हती. ज्याला शंका असेल त्याने पहिल्यांदा हेच करून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे.

कारण मीच करून ठेवलं होतं. माझ्या कार्डावर एक चित्र यायला दीड-दोन मिनिटं लागायची. पुण्याला असलेल्या माझ्या आतेभावाने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "एलसीएम लोरा टाक, चार पायऱ्यांत चित्र येते." ही छोटी फाइल मी टाकली आणि प्रॉम्प्टच्या शेवटी `<lora:lcm-lora-sdv1-5:1>` असं जोडलं. सोबत त्याने सांगितलेलं दुसरं वाक्य मी न विचारता पाळलं होतं, "सीएफजी एकवर ठेव, नाहीतर रंग जळतात." चित्र वीस सेकंदांत यायला लागलं, मी खूश. सीएफजी म्हणजे लिहिलेले शब्द किती जोराने पाळायचे तो आकडा, आणि त्या एकनेच घात केला.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक लोक खालच्या खोक्याकडे चाळणीसारखं पाहतात. तसं ते नसतं. चित्र नुसत्या गोंधळातून, म्हणजे टीव्हीवर मुंग्या यायच्या तशातून, पायरीपायरीने साफ होत जातं. प्रत्येक पायरीला मॉडेल दोन अंदाज करतं. एक, तुम्हाला हवं ते असेल तर पुढचं चित्र कसं असेल. दुसरा, नको ते असेल तर कसं असेल. खालचं खोकं रिकामं असलं तर दुसरा अंदाज काहीच न सांगता केलेला असतो. मग हिशेब असा:

```
result = neg + cfg * (pos - neg)
```

म्हणजे नकोपासून निघायचं, हव्याच्या दिशेने चालायचं आणि सीएफजीच्या आकड्याइतक्या पट पुढे जायचं. समजा एखाद्या ठिपक्यासाठी हवंचा अंदाज ६ आणि नकोचा ४. सीएफजी ७ असेल तर ४ अधिक ७ गुणिले २, म्हणजे १८. आता नकोच्या यादीत शब्द बदलले आणि तो अंदाज ३ झाला, तर ३ अधिक ७ गुणिले ३, म्हणजे २४. फरक पडला. पण सीएफजी १ असेल तर? ४ अधिक २, सहा. ३ अधिक ३, तरीही सहा. खाली काहीही लिहा, उत्तर तेच. नकोचा अंदाज स्वतःच स्वतःला खोडतो. दोनशे शब्द मी अशा जागी लिहीत होतो जिथून ते वजा होऊन जात होते. आतेभावाला फोन केला तर म्हणतो, "अरे हो, त्यात निगेटिव्ह चालतच नाही." हे आठ दिवस आधी सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

एलसीएमसारखंच टर्बो, लाइटनिंग वगैरे नावाची झटपट मॉडेलं वापरत असाल तर तिथेही आधी सीएफजीचा आकडा पाहा. एक असेल तर निगेटिव्ह नाही, आणि दीड-दोन असेल तर थोडंसं.

मी लोरा काढला, सीएफजी ७ केला, पायऱ्या २५. यादी पुन्हा पाच-सहा शब्दांवर आणली. पहिल्याच चित्रात कोपऱ्यातला वॉटरमार्क गेला. खुर्चीवरून उठून मी चहा टाकला, रात्री अडीचला.

वरची पट्टी आणि तिच्यावरचा अगम्य मजकूर मात्र हटेना. तेव्हा लक्षात आलं की माझ्या वरच्या खोक्यात पहिलेच शब्द `product label` होते. लेबल म्हणजे अक्षरं, हे मॉडेल शिकलेलं आहे. वरून अक्षरं मागायची आणि खालून नको म्हणायची, असं चाललं होतं. ते दोन शब्द काढले आणि पट्टी गेली. `poster`, `banner`, `advertisement` या शब्दांचंही तेच. अक्षरं नकोत तर आधी वरचं खोकं तपासा. लेबलचं नाव आणि वजन मी नंतर इंकस्केपमध्ये वेगळं टाइप केलं, देवनागरी तर या मॉडेलला जमतच नाही.

धूसरपणा `blurry` लिहून गेला, पण सोबत मागचं शेतही टोकदार झालं, एकेक पान वेगळं दिसायला लागलं आणि बाई त्यात हरवली. मला मागचं पुसटच हवं होतं. म्हणून तो शब्द `(blurry:0.7)` असा सौम्य केला. जोर वाढवण्याबद्दल मघाशी सांगितलं, पण सीएफजी ७ असताना कंसातला आकडा १.४ च्या वर नेला की रंग भडक आणि कातडी मेणासारखी व्हायची. १.२ पुरतं.

राहिली बोटं. `extra fingers` आता वाचलं जात होतं, पण त्याचा परिणाम गमतीचा. कधी हात पदराखाली गेला, कधी चौकटीबाहेर. सहा बोटांची पाच झाली अशी वेळ क्वचितच आली. एक तर मूळ चित्रांच्या खाली 'या हाताला जास्तीचं बोट आहे' असं कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे या शब्दाची ओळखच कच्ची. दुसरं, जागाच नाही. माझं चित्र ५१२ बाय ५१२. मॉडेल आतमध्ये ते आठ पट लहान करून काम करतं, म्हणजे ६४ बाय ६४ चौकटी. बाईचा हात चित्रात जेमतेम ४० ठिपक्यांचा, म्हणजे आतमध्ये पाच चौकटी. पाच चौकटींत पाच बोटं आणि त्यांच्यामधल्या फटी कशा मावणार? नको म्हणून ओरडल्याने जागा वाढत नाही.

म्हणून हात वेगळा करून घ्यावा लागतो. चित्र इनपेंटमध्ये नेलं, हातावर ब्रश फिरवला, `Only masked` निवडलं. यात तेवढाच तुकडा मोठा करून ५१२ वर काढला जातो आणि परत जागेवर बसवला जातो. भोवतीची जागा ३२ ठिपके ठेवली, म्हणजे मनगट कुठून येतं ते मॉडेलला दिसतं. `Denoising strength`, म्हणजे जुनं चित्र किती बदलायचं तो आकडा, ०.५. एकदा ०.३ ठेवलं तर सहावं बोट तसंच राहिलं, ०.८ ठेवलं तर हाताच्या जागी पेरू आला. वरच्या खोक्यात इथे फक्त हाताचं वर्णन लिहायचं, बाईचं आणि शेताचं नाही, नाहीतर हाताच्या जागी अख्खी छोटी बाई बसते. आठ-आठचे दोन घाणे काढले, सोळातले तीन हात बरोबर होते.

छपाईआधी मावशींना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, नखाने एकेक बोट मोजलं. "चार आन् अंगठा. बरोबर हाये." मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांचं नख जरा खाली सरकलं.

"पण बाबू, हे सूप हाये का टोपलं? टोपल्यात दाय कोन पाखडते?"