तुम्ही विचारलंत म्हणून: पेढ्यांच्या बॉक्सवरची चिठ्ठी

"ताई, दिवाळीला ऑफिसातल्या मावशींना, वॉचमन काकांना मिठाईचा बॉक्स देतो, त्यासोबत चिठ्ठीत काय लिहायचं? उपकार केल्यासारखं वाटायला नको."

आधी माझी फजिती सांगते, कारण मला जे काय कळलंय ते तिथूनच कळलंय. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं ऑफिस, टेंडरची कामं करणारं, इंजिनिअर आणि अकाउंट्सवाले धरून एकोणीस जण, शिवाय साफसफाईच्या मावशी, रात्रीचे वॉचमन काका आणि चहा-बँक-टपाल बघणारा एक पोरगा. अॅडमिन माझ्याकडं. पहिल्या वर्षी मी लय उत्साहात एक्सेलमध्ये यादी केली, लेबलं प्रिंट केली आणि कार्डं दोन प्रकारची छापून घेतली. स्टाफच्या कार्डावर नुसतं 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. आणि या तिघांसाठी मी मुद्दाम बसून लिहिलेलं वाक्य: 'आपल्या कष्टांची जाणीव ठेवून, आपल्या कुटुंबाची दिवाळी गोड व्हावी म्हणून कंपनीतर्फे ही छोटीशी भेट.' मला ते इतकं आवडलेलं की नवऱ्याला पण वाचून दाखवलं होतं.

बॉक्स वाटले. मावशींनी लेबलवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि हसून म्हणाल्या, "ह्ये माझं न्हाई वाटतं मॅडम, दुसऱ्या कुणाचं तरी आलंय." मी म्हटलं अहो तुमचंच आहे, नाव बघा की. मग माझं लक्ष गेलं. यादीतल्या सगळ्या बायकांच्या नावाआधी मी सरसकट 'सौ.' लावलं होतं. मावशींचे मिस्टर जाऊन आठ वर्षं झालेली, आणि हे त्यांनीच मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं पण नाही, माझ्या यादीला माहीत नव्हतं.

बॉक्स संध्याकाळपर्यंत पाण्याच्या फिल्टरशेजारी तसाच. शेवटी मी आग्रह करून पिशवीत घातला, जे आणखीनच वाईट, कारण आता त्यांना तो घ्यावाच लागला. आणि स्टाफच्या बॉक्समध्ये काजू-बदाम, यांच्यात सोनपापडी. टेबलं पुसायला त्याच येतात ना, सगळ्यांचे उघडे बॉक्स त्यांनी बघितलेलेच असणार.

त्या रात्री मी ते वाक्य परत वाचलं. 'कुटुंबाची दिवाळी गोड व्हावी म्हणून', म्हणजे आम्ही नसतं दिलं तर कडू झाली असती का? मावशी पाडव्याला स्वतःच्या पैशानं नातवाला सायकल घेणार होत्या. 'कष्टांची जाणीव' हे आपण आमच्या सिनिअर इंजिनिअरना लिहू का? नाही लिहिणार, ते म्हणतील काय झालं मला. तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे, जे वाक्य साहेबांच्या कार्डावर घालताना विचित्र वाटेल ते मावशींच्या कार्डावर पण घालायचं नाही. या चाळणीतून 'छोटीशी मदत', 'आपल्यासारख्यांमुळे', 'खारीचा वाटा' हे सगळं आपोआप गळतं. 'तुम्ही आमच्या कुटुंबातल्याच' हे पण काढा बरं का, घरातल्या माणसाचा रजेचा पगार कुणी कापत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहितीय. 'नेहमी हसतमुख' सुद्धा नको, ते स्वभावाचं कौतुक झालं, पगार हसण्याचा नसतो.

मग उरतं काय? उरतं काम. त्या माणसानं या वर्षात केलेलं एक काम, कधी केलं आणि त्यामुळं काय वाचलं. बस एवढंच. आणि इथंच लोक अडकतात, कारण ऑक्टोबरमध्ये बसून आठवायला गेलं की काही म्हणजे काही आठवत नाही, फक्त 'ऑफिस स्वच्छ ठेवता' येतं, जे कुणालाही लिहिता येईल. म्हणून माझ्या डायरीच्या मागच्या पानावर तीन नावं आहेत आणि वर्षभरात काही घडलं की त्याच दिवशी एक ओळ. गेल्या वर्षी मावशींच्या नावापुढं असं होतं: 'जुलै, सोमवार, खिडकी गळली, फायली.' त्यावरून ही चिठ्ठी झाली:

'मावशी, जुलैमध्ये रविवारी रात्रभर पाऊस लागला आणि खिडकीजवळचं कपाट गळायला लागलं. सोमवारी तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन खालच्या दोन कप्प्यांतल्या फायली टेबलावर काढून ठेवल्यात. त्यात बुधवारच्या टेंडरचे मूळ कागद होते. ते भिजले असते तर टेंडर भरताच आलं नसतं. दिवाळीच्या शुभेच्छा. पेढे कंदी आहेत, घाईनं संपवायला नकोत.'

खाली माझं नाव आणि त्या फायली ज्यांच्या होत्या त्या इंजिनिअरची सही. 'कंपनीतर्फे' नाही. कंपनी काही फायली भिजायच्या काळजीनं सोमवारी पळत आली नव्हती, तो आला होता.

बघा, या चिठ्ठीत 'आभार' हा शब्दसुद्धा नाहीये. मी आधी लिहिला होता, 'मनःपूर्वक आभारी आहोत', मग खोडला कारण तो आला की सगळं भाषण वाटायला लागलं आणि फायली मागं पडल्या. 'टेंडर भरताच आलं नसतं' यातच आलं की सगळं.

वॉचमन काकांचं वेगळं. त्यांना शुगर, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही त्यांनी पेढ्यांचा बॉक्स शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकल्यावर. विचारायला काय जात होतं माझं? आता एक महिना आधी सगळ्या बावीस जणांना एकच प्रश्न, गोड का तिखट. सगळ्यांना विचारलं की काकांना वेगळं काढल्यासारखं होत नाही, आणि गंमत म्हणजे आमचे दोन इंजिनिअर पण तिखटवाले निघाले. तिखटाचा बॉक्स म्हणजे चिवडा आणि चकली, किंमत पेढ्यांच्या अर्ध्या किलोएवढीच बसवायची. काकांची चिठ्ठी: 'काका, मार्चमध्ये रात्री अकराला मीटरच्या बॉक्समधून जळका वास आला तेव्हा तुम्ही मेन स्विच पाडून मला फोन केलात. सकाळी वायरमननं उघडून दाखवलं, एक वायर पूर्ण काळी पडली होती. त्या रात्री तुम्ही अंधारात बसून होतात हे मला नंतर कळलं.'

चिठ्ठी हातानं लिहा, मोठ्या अक्षरात, मराठीत, सहा-सात ओळींच्या वर नको. काकांना वाचायला चष्मा लागतो आणि ते तो घरी विसरतात, त्यामुळं त्यांची नात वाचून दाखवते. हे एक लक्षात ठेवा, चिठ्ठी बहुतेक वेळा घरात दुसरं कुणीतरी मोठ्यानं वाचतं. नातीच्या तोंडून 'आपल्या आर्थिक अडचणीत' असलं काही बाहेर पडलं तर आजोबांनी कुठं बघायचं? आणि नाव हजेरी पुस्तकातलं कॉपी करू नका, हाक मारताना जे म्हणता तेच लिहा. आम्ही 'मावशी' म्हणतो, मग लिफाफ्यावर 'मावशी'. सौ., श्रीमती, कु. ही भानगडच नको.

पेढे का, तर साताऱ्यात दुसरं काय देणार, हे एक. पण खरं कारण वेगळं आहे. कंदी पेढ्याचा खवा चांगला लालसर होईपर्यंत भाजलेला असतो, त्यात ओलावा कमी राहतो, म्हणून तो साध्या बर्फीपेक्षा जास्त टिकतो. मावशी लिंबकडून एसटीनं येतात, बॉक्स दुपारभर ऑफिसात, मग स्टँडवर, मग एसटीत, मग घरी भाऊबीजेपर्यंत पाहुण्यांसाठी राखून ठेवणार. एका वर्षी मी मलईची मिठाई दिली आणि तिसऱ्या दिवशी ती आंबली, मावशी काही बोलल्या नाहीत, आमच्या चहावाल्या पोरानं सांगितलं. पॅकिंगची तारीख बघूनच घ्या, आणि दुकानदार गर्दीत आधी भरून ठेवलेले बॉक्स पुढं सरकवतो, त्याला म्हणायचं समोर भरा.

देण्याचं पण सांगते थोडक्यात. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, कारण नंतर अर्धी माणसं गावाला गेलेली असतात. बाकीच्यांना जिथं जसं देतो तिथंच तसंच, म्हणजे प्रत्येकाच्या जागेवर जाऊन. मावशींची जागा म्हणजे पॅन्ट्री, तर पॅन्ट्रीत. सगळ्यांसमोर नाव पुकारून, टाळ्या वाजवून नको, आणि फोटो तर अजिबात नको. आमच्या साहेबांना एकदा ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता, मी म्हटलं मग अकाउंटंटचा पण काढू बॉक्स हातात धरून, ते गप्प बसले. काका रात्री आठला येतात, त्यामुळं त्यांचा बॉक्स दुसऱ्याच्या हाती ठेवून जायचं नाही, त्या दिवशी मी आठपर्यंत थांबते. वर्षातून एक दिवस.

आता जी गोष्ट चिठ्ठीनं होत नाही ती. बोनस. पात्र कामगाराला कायद्यानं किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, तो हक्काचा पैसा, त्याचा आणि पेढ्यांचा संबंध नाही. चिठ्ठीत 'बोनस' शब्द आणू नका आणि बोनसच्या पाकिटावर पेढे ठेवू नका. आमच्या मावशी कॉन्ट्रॅक्टरमार्फत आहेत, त्यामुळं त्यांचं नाव आमच्या पगारपत्रकात नसतंच आणि वाटपाच्या यादीतून असे लोक सगळ्यात आधी गळतात. मी बॉक्स ऑर्डर करायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करते, बोनस जमा झाला का, कधी झाला. एका वर्षी तो म्हणाला बघू दिवाळीनंतर. तेव्हा मी आधी साहेबांना सांगून त्याचं बिल अडवून धरलं, आणि चिठ्ठी मग लिहायला घेतली. पैसे अडकलेले असताना जुलैतल्या पावसाचं कौतुक कोण वाचेल?

मावशींना ती फायलींची चिठ्ठी कशी वाटली हे मी विचारलं नाही, त्या पण काही बोलल्या नाहीत. भाऊबीजेनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा होता, वर वर्तमानपत्राचा कागद, आत अनारसे. मी म्हटलं कशाला मावशी एवढं, तर म्हणाल्या, "आमच्यात अनारसं जाळीदार हुत्यात, खाऊन सांगा."

जाळी खरंच सुंदर पडली होती. डबा अजून माझ्याच घरी आहे, रिकामा कसा परत द्यायचा म्हणून राहिलाय, आईला विचारलंय शेंगदाण्याचे लाडू करशील का.