आमची वाटचाल : सुंदर रेंडरपासून तिसऱ्या बाकापर्यंत

आमचा धंदा मुळात घरांच्या थ्रीडी व्ह्यूजचा, म्हणजे खोली तयार व्हायच्या आधी ती कशी दिसेल याची कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, त्यांनाच रेंडर म्हणतात. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोन कॉम्प्युटर, आणि कामं म्हणजे हॉल, किचन, बेडरूम. घराचं एक बरं असतं, क्लायंटला आपला सोफा छान दिसला की काम पास. शाळेचं पहिलं काम आलं तेव्हा आम्ही तेच केलं, वाइड अँगल कॅमेरा लावून वर्ग दीडपट मोठा दाखवला, खिडकीतून मऊ सोनेरी उजेड सोडला, फळा पांढराशुभ्र. तिथले मुख्याध्यापक सर खूश, दोन दिवसांत ओके.

वर्ग तयार झाल्यावर सरांचा फोन आला की सकाळभर पडदे ओढून ट्यूब लावून बसावं लागतंय, खिडकीकडच्या मुलांच्या वह्यांवर थेट ऊन येतंय. फाइल उघडून बघितली तर मॉडेलमध्ये उत्तर दिशा सेटच केली नव्हती, सॉफ्टवेअरने जी धरली होती तीच राहिली. खऱ्या खिडक्या पूर्वेला, आमच्या चित्रात त्या उत्तरेला. सकाळचा सूर्य खाली असतो, पूर्वेच्या खिडकीतून सरळ बाकावर येतो, छज्जाही त्याला फारसा अडवत नाही. चूक शंभर टक्के आमची होती. पुढच्या दोन वर्गांचे व्ह्यूज आम्ही फुकट करून दिले आणि तेव्हापासून साइटवर गेलो की आधी दिशा बघायची, मग टेप काढायची असा नियमच केला.

दुसरी गोष्ट उशिरा कळली, ती म्हणजे एक्स्पोजर. रेंडर सॉफ्टवेअर मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखं स्वतःच चित्र उजळ करतं, त्यामुळे अंधारा कोपरासुद्धा फोटोत बरा दिसतो. आता आम्ही एक्स्पोजर एकदा लॉक करतो आणि सगळे व्ह्यूज त्याच सेटिंगवर काढतो, आणि प्रत्येक वर्ग दोनदा दाखवतो, एकदा स्वच्छ ऊन आणि एकदा भरून आलेलं आभाळ. ढगाळ व्ह्यू बघून क्लायंटचं तोंड उतरतं, पण खरा निर्णय त्याच चित्रावर होतो.

आता ज्या कामाने आमची गाडी खरी वळली ते सांगतो. एका शाळेच्या मुख्याध्यापक मॅडम, नवीन बाकं, नवीन फळा आणि उजेड सुधारायचा, एवढी मागणी. वर्ग 20 फूट रुंद, 25 फूट लांब. मुलं फळ्याकडे तोंड करून बसली की खिडक्या डाव्या हाताला, म्हणजे चांगलंच, उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. दोन-दोन मुलांची बाकं, तीन रांगा, एका रांगेत सहा, म्हणजे 36 जागा. 8 फुटांचा चकचकीत व्हाइटबोर्ड समोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्ये. मॅडमना हे पक्कं ठरलेलंच होतं, त्यांना फक्त रंग बघायचे होते.

भावाने या वेळी कॅमेरा दारातून न लावता बाकावर लावला. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली रेडीमेड माणसं सगळी मोठी असतात, म्हणून त्याने आधी मूल बसल्यावर डोळे जिथे येतात तेवढी उंची धरली, साडेतीन फूट. मग सगळ्या जागांवरून एक-एक छोटा व्ह्यू काढला, कच्चाच, फिनिशिंग काही नाही. खिडक्यांसमोरच्या भिंतीकडच्या रांगेतून फळ्यावर पांढरा चौकोन दिसायला लागला. पुढच्या बाकावरून तो फळ्याच्या मध्यावर, मागे जाऊ तसा डावीकडे सरकत जायचा, पण गायब कुठेच होत नव्हता. तिसऱ्या बाकावर तर तो नेमका तिथे, जिथे बाई तारीख आणि धड्याचं नाव लिहितात. तो चौकोन म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब. आधीच्या कामांत आम्ही फळ्याला नुसता पांढरा रंग द्यायचो, चकाकी द्यायचोच नाही, मग दिसणार कसं!

मॅडमना हे पटेना. म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या कॉम्प्युटरचं काहीतरी असेल." मग मी एक हातभर आरसा आणला, जुन्या फळ्यावर डबल टेपने चिकटवला आणि म्हटलं मॅडम, तुम्ही स्वतः त्या बाकावर बसा. त्या बसल्या, जरा वाकून मान मुलाच्या उंचीवर आणली. आरशात खिडकी, खिडकीत झाड, झाडावर कावळा. मग फक्त म्हणाल्या, "बरं, आता काय करायचं?"

सगळ्यात सोपं उत्तर मॅट फळा, पण मॅटवर मार्कर नीट पुसला जात नाही, काही दिवसांनी राखाडी डाग राहतात, मॅडमना ते नको होतं. म्हणून आम्ही फळा खिडकीपासून 4 फूट लांब, भिंतीकडे सरकवला आणि खिडकीकडच्या मोकळ्या जागेत सॉफ्टबोर्ड दिला, त्यावर प्रतिबिंब येतच नाही. परत सगळे व्ह्यूज काढले. चौकोन बहुतेक ठिकाणी सॉफ्टबोर्डवर गेला, फक्त भिंतीकडच्या रांगेतल्या पहिल्या बाकावरून फळ्याच्या कडेला फूटभर पट्टा उरला, तो तिसऱ्या खिडकीचा, तिथे ब्लाइंड दिला.

पण फुकट काही मिळत नाही. फळा सरकल्यामुळे खिडकीकडच्या पहिल्या बाकावरून त्याचं पलीकडचं टोक इतकं तिरकं दिसायला लागलं की अक्षरं आवळल्यासारखी दिसत होती. आम्ही दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवली. मॅडमनी ते बाक काढून पुस्तकांचा रॅक ठेवला, 36 च्या 34 जागा झाल्या, पट 33 चा होता म्हणून निभावलं. पट मोठा असता तर काय केलं असतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

उजेडाचं मात्र आरशासारखं पटकन सुटलं नाही. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामाचा उजेड आत जातो, हा ढोबळ हिशोब. इथे कड 7 फुटांवर, म्हणजे 14 फूट, आणि भिंतीकडची रांग त्याच्या पलीकडे. उजेड लक्समध्ये मोजतात, बाकावर 300 लक्स आणि फळ्यावर 500 धरतात. ढगाळ दिवसाचा उजेड रंगांत दाखवणाऱ्या आमच्या नकाशात ती रांग निळी, म्हणजे निम्म्याच्याही खाली. वर बीम असल्यामुळे खिडकी उंच करता येत नव्हती. त्यात मॅडमना समोरची, म्हणजे खिडक्यांसमोरची भिंत गडद निळी हवी होती, आणि जो थोडाफार उजेड परत फिरतो तो तीच भिंत खाऊन टाकणार होती. निळा रंग मागच्या भिंतीला गेला. तरी 300 काही झाले नाहीत, भिंतीने तेवढं होत नाही. म्हणून ट्यूबचं वायरिंग खिडकीला समांतर ओळींत करायला सांगितलं, म्हणजे दिवसा फक्त भिंतीकडची ओळ लावता येते. इलेक्ट्रिशियन कुरकुरला, त्याला पुढची अर्धी आणि मागची अर्धी असं सोपं पडत होतं.

त्यानंतर शाळांचीच कामं जास्त यायला लागली, घरांची कमी. आता पहिल्या मीटिंगला देखणा व्ह्यू नेतच नाही, सगळ्यात वाईट जागेवरचा व्ह्यू नेतो, त्यामुळे काही क्लायंट तिथेच सुटतात. आणि तो आरसा? मॅडमनी बाकीच्या वर्गांत बघायचंय म्हणून ठेवून घेतला, तो अजून परत आलेला नाही.